रेघ पाण्याची नाही, औषधाची

तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण बाप रिकामी बाटली घेऊन आमच्या मेडिकलच्या काउंटरवर आला. त्याची तक्रार साधी होती. ‘‘ताई, बाटलीत औषध कमी भरलंय. सहा वेळा पुरेल म्हणालात, पाच वेळातच संपलं.’’

त्याच्या दीड वर्षाच्या मुलीचा कान दुखत होता, ताप होता. मुलीचं वजन दहा किलोच्या आसपास. डॉक्टरांनी तपासून अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड या जोडीचं ड्राय सिरप लिहून दिलं होतं : ५ मिली, सकाळ-संध्याकाळ, दहा दिवस. बाटली ३० मिलीची, म्हणून चार बाटल्या. एक बाटली तीन दिवस जाते, चौथीतलं थोडं उरतं. हिशेब मीच त्याला सांगितला होता, त्यामुळे बाटली अर्धा दिवस आधी संपली हे त्याच्या लक्षात आलं. ते लक्षात आलं म्हणूनच पुढचं निस्तरता आलं.

मी बाटली उजेडात धरली. तळाशी कोपऱ्यात पांढरट लगदा घट्ट बसला होता. मग मी विचारलं, ‘‘पाणी कसं घातलंत?’’

‘‘रेघेपर्यंत. अगदी रेघेपर्यंत.’’

तो खरंच सांगत होता, आणि चूक नेमकी तिथेच होती. बाटलीवरची रेघ किंवा बाण म्हणजे पाणी किती ओतायचं याचं माप, असं बहुतेकांना वाटतं. पण ती खूण तयार झालेल्या औषधाची पातळी दाखवते. पावडर पूर्ण भिजली, आतली हवा निघाली, फेस बसला, की त्यानंतर औषध त्या रेघेवर असायला हवं. कोरडी पावडर लगेच भिजत नाही. तिच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते आणि वरच्या थराला पाणी लागलं तरी खालचा थर कोरडाच राहतो. एका दमात रेघेपर्यंत पाणी ओतून बाटली हलवली, की हवा बाहेर पडते आणि पातळी खाली जाते. या बापाने ती खाली गेलेली पातळी पाहिलीच नव्हती. त्याच्या बाटलीत ३० ऐवजी साधारण २५ मिली औषध तयार झालं होतं.

आता याचा अर्थ काय होतो ते पाहू. या बाटलीत तयार औषधाच्या दर ५ मिलीत २०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असावं अशी योजना असते. म्हणजे अख्ख्या बाटलीत १२०० मिलिग्रॅम. पाणी कमी-जास्त झालं तरी हा आकडा बदलत नाही, कारण औषध पावडरीत आहे. बदलते ती प्रत्येक ५ मिलीतली मात्रा. २५ मिलीच तयार झालं तर ५ मिलीत २४० मिलिग्रॅम येतं. उलट रेघेच्या वर जाऊन ३५ मिली झालं तर १७० च्या आसपास. पहिल्या चुकीत पोट बिघडण्याची, जुलाब होण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या चुकीत जंतूंना पुरेसं औषध मिळत नाही. आणि दुसरी चूक सुधारता येत नाही. जादा झालेलं ओतून टाकलं तर पाण्याबरोबर औषधही जातं. तिथे नवी बाटली घेणं एवढाच उपाय.

या घरी तर हा हिशेबही कागदावरच राहिला होता. तळाशी लगदा उरला म्हणजे काही औषध मुलीच्या पोटात गेलंच नाही, आणि कोणत्या वेळी किती गेलं हे आता सांगता येणार नव्हतं. पातळ झालं तरी हे औषध साखरेसारखं पूर्ण विरघळत नाही. त्याचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात आणि बाटली ठेवली की हळूहळू तळाला बसतात. न हलवता दिलं तर सुरुवातीच्या मापांत औषध कमी आणि शेवटच्या मापांत जास्त जातं. म्हणून दर वेळी, रात्री झोपेतून उठून द्यायचं असलं तरी, बाटली उलटी-सुलटी करून नीट हलवायची आणि तळाशी काही चिकटलेलं नाही हे पाहायचं.

मी त्याला तिथेच एक नवी बाटली उघडून सगळं करून दाखवलं. तेच इथे सांगते.

आधी सील न उघडता बाटली तळहातावर टकटक आपटायची. पावडर सुटी होऊन वाळूसारखी सरकली पाहिजे. ती दगडासारखी गठ्ठा झाली असेल किंवा पिवळी पडली असेल, तर आत आधीच दमट हवा शिरली आहे; ती बाटली दुकानात परत द्यायची. मग पाणी. खोक्यात पाण्याची छोटी प्लास्टिक कुपी दिली असेल तर तेच वापरायचं, कारण ते त्या बाटलीच्या मापाचं असतं. नसेल तर उकळून पूर्ण गार केलेलं पाणी. गरम किंवा कोमट पाणी नको, त्याने औषध लवकर खराब होतं. दूध किंवा रस तर नाहीच.

पहिल्या खेपेला रेघेच्या साधारण दोन तृतीयांशापर्यंत पाणी घालायचं, झाकण घट्ट लावायचं आणि बाटली उलटी करून जोरात हलवायची. तळाचा कोपरा पाहायचा, कोरडी पावडर दिसली तर पुन्हा हलवायचं. मग बाटली सपाट जागी ठेवून पाच मिनिटं थांबायचं. फेस खाली बसतो, तेव्हा पातळी खरी दिसते. आता बाटली डोळ्यांच्या पातळीवर धरून बरोबर रेघेपर्यंत उरलेलं पाणी घालायचं आणि पुन्हा हलवायचं. पुन्हा खाली गेली तर पुन्हा रेघेवर आणायची. कुपीतलं पाणी घातलं तरी शेवटी रेघ पाहायचीच.

बापाने सगळं पाहिलं आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, ‘‘बाकीच्या तीन बाटल्याही मी पहिल्याच दिवशी कालवून ठेवल्यात. रोज रोज कुठे करत बसा म्हणून. फ्रिजच्या दारात आहेत.’’

ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी होती. हे औषध पावडरीच्या रूपात विकतात याचं कारणच पाणी आहे. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं. जंतूंवर काम करतं ते हेच कडं, आणि पाण्यात ते हळूहळू तुटतं. १९५४ साली पिंपरीत उभ्या राहिलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या पेनिसिलिन इंजेक्शनच्या बाटल्यांतही कोरडी पावडरच असे आणि टोचण्याआधी तिच्यात पाणी घालत, तेही याचसाठी. कोरडी पावडर खोक्यावरच्या मुदतीपर्यंत टिकते. पाणी पडलं की ती मुदत संपली आणि दिवसांची मुदत सुरू झाली.

या जोडीतलं क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड तर आणखी नाजूक. काही जंतू अमॉक्सिसिलिन तोडणारं विकर तयार करतात. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड त्या विकराला अडवतं. पाण्यात आधी तेच खराब होतं. मग बाटलीत राहतं ते एकटं अमॉक्सिसिलिन, आणि डॉक्टरांनी जोडी लिहून दिलेली असते ती ज्या जंतूंसाठी, त्यांच्यावर ते चालत नाही. बाहेरून हे कळत नाही. रंग गडद पिवळा किंवा तपकिरी झाला तर औषध खात्रीने गेलं, पण रंग बदलला नाही म्हणजे औषध चांगलं, असं मात्र नाही. चव आणि वास तसाच राहतो. म्हणून तारखेशिवाय दुसरी कसोटी नाही.

या औषधाची मुदत कालवल्यापासून सात दिवस, तीही फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. सोमवारी सकाळी कालवलं तर पुढच्या सोमवारी सकाळी संपलं. फ्रिजचं दार सतत उघडतं आणि तिथे गारवा कमी-जास्त होतो, म्हणून बाटली आतल्या कप्प्यात ठेवायची. बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलं तर कणांचं मिश्रण बिघडतं. दुसऱ्या औषधांचे नियम वेगळे असतात. काही ड्राय सिरप चौदा दिवस चालतात, काहींना फ्रिज लागत नाही. म्हणून एका बाटलीचा नियम दुसरीला लावायचा नाही, तिच्यावरचं वाचायचं. घरी फ्रिज नसेल किंवा उन्हाळ्यात वीज तासन्‌तास जात असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं. चमचाभर पाण्यात त्या-त्या वेळी विरघळवून द्यायच्या गोळ्या मिळतात. त्यांना हा सगळा प्रश्नच येत नाही.

आता त्या तीन बाटल्यांचं काय करायचं? डॉक्टरांना फोन केला आणि दिवस मोजले. दुसरी बाटली तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुरू होऊन सहाव्या दिवशी सकाळी संपणार होती, म्हणजे सात दिवसांच्या आत. तिच्यातून अजून एक थेंबही घेतला नव्हता, म्हणून तिची खाली गेलेली पातळी पाणी घालून रेघेवर आणता येत होती. ती आणली आणि लगदा सुटेपर्यंत हलवली. तिसरी नवव्या दिवसापर्यंत चालली असती आणि चौथी दहाव्या. त्या दोन्हींची मुदत औषध पोटात जाण्याआधीच संपत होती, म्हणून त्या टाकल्या. दोन नव्या बाटल्या त्याने कोरड्याच घरी नेल्या, एक संपली की दुसरी कालवायची या बोलीवर. सोबत मी मापाची सिरिंज दिली, कारण घरातला ‘एक चमचा’ प्रत्येक घरात वेगळा असतो.

अकराव्या दिवशी तो पुन्हा आला. मुलीचा ताप गेला होता, कान दुखायचा थांबला होता. हातात चौथी बाटली होती, निम्मी भरलेली. ती नवव्या दिवशी संध्याकाळी कालवलेली, म्हणजे अजून पाच दिवस चांगली. ‘‘ही ठेवू का, परत ताप आला तर?’’

मी नको म्हटलं. लहान मुलांचा पुढचा ताप बहुतेक वेळा विषाणूचा असतो आणि त्यावर हे औषध काहीच करत नाही. जंतूंचा असला तरी निम्म्या बाटलीत दीड दिवसाचंच औषध होतं; तेवढ्याने जंतू मरत नाहीत, चिवट तेवढे होतात. टाकायचं कसं तेही त्याने विचारलं. औषध चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळायचं, पिशवीत बांधायचं आणि मग कचऱ्यात, म्हणजे कुणा पोराच्या किंवा जनावराच्या तोंडी जात नाही.

त्याने बाटली पुन्हा पिशवीत घातली तेव्हा लेबल दिसलं. त्यावर त्याने स्वतः पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या : कालवल्याची तारीख आणि वेळ, आणि खाली टाकायची तारीख.