शिफ्टच्या चार्टमधला लाल बाण वाचायचा कसा? डिपेंडन्सी आणि क्रिटिकल पाथ, सोप्या मराठीत

तुमच्यापैकी बरेच जण आता कामाला लागले असाल. सकाळी मोबाईलवर सुपरवायझरचा चार्ट येतो. आडव्या पट्ट्या, त्यांना जोडणारे बाण, काही पट्ट्या निळ्या तर काही लाल. आपण आपल्या नावाची पट्टी बघतो आणि फोन खिशात टाकतो. मीही तेच करायचो. मग एक दिवस ट्रक आमच्या डोळ्यांसमोर रिकामा निघून गेला.

मी तेव्हा भोसरीत एका प्लास्टिक मोल्डिंग शॉपमध्ये होतो. सकाळी ७ ची शिफ्ट. मशीनवरचा जुना मोल्ड काढून नवीन बसवायचा, एबीएस प्लास्टिकची ६०० कव्हरं काढायची आणि दुपारी ३ च्या ट्रकमध्ये भरायची. चार्टमध्ये कामं अशी होती:

```
1 दाणा ड्रायरमध्ये भरणे   20 मि
2 दाणा सुकवणे           180 मि   1
3 जुना मोल्ड काढणे        50 मि
4 नवीन मोल्ड बसवणे       60 मि   3
5 पाण्याचे होज जोडणे      30 मि   4
6 ट्रायल शॉट             40 मि   2,5
7 पहिला पीस पास करणे     30 मि   6
8 प्रॉडक्शन             200 मि   7
```

शेवटचा आकडा म्हणजे प्रेडिसेसर, त्या कामाच्या आधी संपायला हवं असलेलं काम. चौथ्या ओळीत ३ आहे, म्हणजे जुना मोल्ड निघाल्याशिवाय नवीन बसणार नाही. हे कुणीही सांगेल. खरी गंमत सहाव्या ओळीत आहे. तिथे 2,5 असे दोन आकडे आहेत. ट्रायल शॉट मारायला सुकलेला दाणाही हवा आणि होज जोडलेला मोल्डही हवा. दोन्ही हवेत, म्हणजे जे उशिरा संपेल त्याच्यावर ट्रायल अडणार.

आता घड्याळ लावून बघूया. मोल्डची बाजू: ७ ला सुरू, ५० + ६० + ३० म्हणजे १४० मिनिटं, ९.२० ला तयार. दाण्याची बाजू: ७ ला भरायला घेतला, ७.२० ला ड्रायर चालू, तीन तासांनी १०.२० ला तयार. म्हणजे ट्रायल १०.२० ला, पीस पास होऊन प्रॉडक्शन ११.३० ला. आमचं मशीन तासाला १८० पीस द्यायचं, म्हणून ६०० ला ३ तास २० मिनिटं. २.५० ला माल तयार. ट्रकच्या आधी फक्त १० मिनिटं!

दाणा, सुकवणं, ट्रायल, पास, प्रॉडक्शन. ही सगळ्यात लांब साखळी म्हणजेच क्रिटिकल पाथ. बहुतेक अ‍ॅप ती लाल दाखवतात. यातलं एखादं काम जितकं लांबेल, तितका अख्खा दिवस पुढे सरकतो. मोल्डच्या बाजूला मात्र ९.२० ते १०.२० असा एक तास मोकळा आहे. याला फ्लोट किंवा स्लॅक म्हणतात. मोल्ड तासभर रेंगाळला तरी ट्रायलला फरक पडत नाही.

(ही पद्धत १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी ड्यूपॉन्ट या केमिकल कंपनीसाठी बसवली. म्हणजे मोबाईल सोडा, घराघरांत कॉम्प्युटरही नव्हते तेव्हाची.)

आमचं चुकलं कुठे?

मोल्ड बदलणं हे दिसणारं काम. क्रेन, साखळ्या, आरडाओरडा, घाम. ड्रायर कोपऱ्यात गुपचूप घरघरत असतो. मी ७ ला पोचलो, मोल्डजवळची धावपळ बघितली आणि स्टोअरमधून दाण्याच्या गोण्या आणणाऱ्या दोन हेल्परना तिकडे ओढलं. ‘आधी मोल्ड उरकू, दाणा काय, पाच मिनिटांत भरू.’ आमचे जुने ऑपरेटर काका म्हणाले, ‘अरे साहेब, दाणा लाव आधी.’ मी ऐकलं नाही.

जास्त हात मिळाल्यामुळे मोल्डचं काम ९.२० ऐवजी ८.५० ला झालं. अर्धा तास वाचला म्हणून मी खूश. पण दाणा भरायला सुरुवात झाली ७.४५ ला. सुकून तयार ११.०५ ला. चकाचक मोल्ड सव्वादोन तास दाण्याची वाट बघत राहिला. प्रॉडक्शन १२.१५ ला सुरू झालं आणि सहाशेवा पीस पडला ३.३५ ला. ट्रक ३ ला गेला होता.

मधे मी सरांना विचारलं होतं, ‘दोन तासच सुकवू का?’ त्यांनी एक जुना रिजेक्ट पीस हातात दिला. वरून चंदेरी रेघा ओढल्यासारख्या. एबीएस हवेतली ओल धरतं, आणि ती ८० अंशांच्या आसपास काही तास सुकवून काढली नाही तर गरम बॅरलमध्ये तिची वाफ होऊन पार्टवर अशा रेघा उठतात. म्हणजे हे काम माणसं वाढवून लवकर होत नाही आणि मधेच तोडताही येत नाही. लाल पट्टीवर असं काम असेल तर एकच गोष्ट आपल्या हातात उरते: ते कधी सुरू करायचं.

ते कळायला चार्ट उलटा वाचायचा. ट्रक ३ ला. त्यातून २०० मिनिटं वजा, प्रॉडक्शन उशिरात उशिरा ११.४० ला. पास करायला ३० मिनिटं, ११.१०. ट्रायल ४० मिनिटं, १०.३०. सुकवणं, ७.३०. दाणा भरायला ७.१०. त्या दिवशीचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा ७.१० होता आणि तो आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात नव्हता.

आणखी एक. त्या दोन हेल्परना मोल्डकडे नेलं की दाणा अडतो, हे चार्टमध्ये कुठेच नव्हतं. बाण कामाला काम जोडतो. एकच माणूस दोन कामांना लागतोय हे बहुतेक साध्या चार्टमध्ये दिसत नाही. ते आपणच बघायचं.

दुसऱ्या दिवसापासून नाईट शिफ्टवाले पहाटे ४.३० ला दाणा भरायला लागले. ७.५० ला दाणा तयार. आणि लगेच क्रिटिकल पाथ पलटला! आता ९.२० ला संपणारा मोल्ड लाल झाला आणि दाण्याकडे दीड तास मोकळा आला. कालचाच अर्धा तास आज वाचवला असता तर प्रॉडक्शन खरंच अर्धा तास आधी, १० ला सुरू झालं असतं. म्हणून कालचा लाल रंग आज धरून चालायचं नाही. चार्ट रोज सकाळी नव्याने बघायचा, आणि मधे काही लांबलं तर तेव्हाही.

अ‍ॅप नसेल तर मोबाईलवरचं गुगल शीट्स पुरतं. पहिल्या ओळीत मथळे ठेवा, A मध्ये काम, B मध्ये वेळ (0:40 अशी), C मध्ये सुरुवात, D मध्ये शेवट. ट्रायलची ओळ सातवी येईल. तिथे हे टाका:

```
C7: =MAX(D3,D6)
D7: =C7+B7
```

D3 म्हणजे सुकवणं संपायची वेळ, D6 म्हणजे होज जोडून व्हायची. MAX त्यातली उशिराची उचलतं. बाकी ओळींत सुरुवात म्हणजे आधीच्या कामाचा शेवट. आता 7:00 च्या जागी 7:45 टाकून बघा, शेवटची वेळ लगेच सरकलेली दिसेल. मी हे त्या संध्याकाळी बसमध्ये केलं.

आणि हो, काही चार्टमध्ये नुसत्या आकड्याऐवजी 8SS+20 min असं लिहिलेलं असतं. SS म्हणजे दोन्हींच्या सुरुवाती जोडलेल्या: प्रॉडक्शन सुरू झाल्यावर २० मिनिटांनी पॅकिंग सुरू करा, संपायची वाट बघू नका. नुसता 8 असेल तर तो FS, म्हणजे आधीचं पूर्ण संपू दे. आमच्या चार्टमध्ये पॅकिंगची ओळच नव्हती. ते काम प्रॉडक्शनसोबत चालतं म्हणून सरांनी लिहिलंच नव्हतं, आणि शेवटचा खोका टेपने बंद करायची पाच मिनिटं त्या १० मिनिटांतूनच जायची.