आयोगाचा निष्कर्ष आणि पाच गुण

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. अकरावी-बारावीच्या मुलांनी दख्खनच्या दंग्यांवर एकमेकांसाठी प्रश्नमंजुषा काढली, तर बहुतेक प्रश्न याच वाक्याभोवती फिरतात: कधी, कुठे, काय जाळले? असे प्रश्न पाठांतरावर सुटतात. उतारा दिला तरी तो न वाचताच उत्तर येते. म्हणून प्रश्न तयार झाला की पहिली कसोटी ही: उतारा झाकून उत्तर लिहून पाहा. पूर्ण गुणांचे उत्तर लिहिता आले, तर प्रश्न बदला.

या विषयाला १८७८ साली ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेला दंगे आयोगाचा अहवाल फार उपयोगी पडतो. त्यात रयत आणि सावकार यांच्या जबान्या आहेत, भाव आणि व्याजदर यांचे आकडे आहेत, आणि शेवटी निष्कर्ष असा, की दोष सरकारी साऱ्याचा नाही, सावकारांचा आहे. निष्कर्षाचा उतारा देऊन विचारा: ‘आयोगाचा हा निष्कर्ष जसाच्या तसा का स्वीकारता येत नाही? (५ गुण)’

आता गुणदान. निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत सांगितला, १ गुण. आयोग सरकारनेच नेमला होता हे ओळखले, १. सारा ठरवणारेही सरकारच, त्यामुळे स्वतःकडे दोष येऊ न देण्यात त्याचे हित होते, हा दुवा जोडला, आणखी १. उताऱ्याबाहेरची माहिती निष्कर्षाशी ताडून पाहिली, १. उदाहरणार्थ, अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, सावकारांनी हात आखडता घेतला आणि त्याच सुमारास फेरआकारणीत सारा मात्र वाढला. पाचवा गुण माझ्या मते सर्वांत मोलाचा: निष्कर्ष संशयास्पद असला तरी त्याच अहवालातल्या जबान्या आणि आकडे वापरता येतात, हे सांगणाऱ्याला तो द्यावा.

‘आयोग सरकारचा होता, म्हणून पक्षपाती’ एवढेच लिहिणारे पुष्कळ भेटतील. मैत्रीखातर त्यांना तीन गुण दिले जातात. वरच्या योजनेत त्यांना एकच मिळतो, कारण हे वाक्य कोणत्याही सरकारी अहवालाला चिकटवता येते. दंग्यांबद्दल ते काहीच सांगत नाही. उलट, कापसाऐवजी कर्जरोख्यांची मुदत तीन वर्षांवर आणणाऱ्या १८५९ च्या कायद्याचा कोणी नीट आधार घेतला, तर चौथा गुण त्यालाही मिळायला हवा. म्हणून योजनेत ‘किंवा तत्सम समर्पक माहिती’ असे लिहून ठेवावे, आणि समर्पक कशाला म्हणायचे याची दोन उदाहरणेही द्यावीत.

प्रश्नमंजुषा वाटण्यापूर्वी एकच उत्तर दोघांना वेगवेगळे तपासायला द्या. गुणांत एकापेक्षा जास्त फरक पडला, तर बहुधा योजनेतली एखादी ओळ दोघांनी दोन तऱ्हांनी वाचलेली असते; ती शोधून पुन्हा लिहा.