नायकाचे नैतिक परिवर्तन आणि त्याचे निर्णय : ‘ययाति’ या कादंबरीच्या संदर्भात

प्रास्ताविक :

पदवी स्तरावर वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ (१९५९) शिकविताना ‘ययातीच्या व्यक्तिरेखेतील नैतिक परिवर्तन स्पष्ट करा’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. त्याची उत्तरे बहुधा एकाच साच्यातील असतात. ययाती भोगी होता, त्याला शाप मिळाला, शेवटी पश्चात्ताप झाला आणि तो विरक्त झाला. माकुणसारहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एकदा वर्गात या साच्यावरच बोट ठेवले. ती म्हणाली, “सर, पश्चात्ताप तर त्याला पहिल्या पानापासून होतोय. मग तो बदलला कधी?” प्रस्तुत लेख या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. पात्राला काय वाटले, यावरून त्याचे नैतिक परिवर्तन सिद्ध होत नाही. पेच पुन्हा उभा राहिला तेव्हा त्याने काय निवडले आणि त्या निवडीची किंमत कोणी मोजली, हे पाहावे लागते, अशी या लेखाची भूमिका आहे.

मूळ कथा आणि कादंबरी :

महाभारताच्या आदिपर्वात ययातीला पाच पुत्र आहेत. शुक्राचार्यांच्या शापाने जरा प्राप्त झाल्यावर तो प्रत्येकाकडे तारुण्य मागतो. चौघे नकार देतात व धाकटा पुरू ते देतो. पुढे सहस्र वर्षे उपभोग घेतल्यावर उपभोगाने वासना शमत नाही, हे ययातीला उमगते आणि तो तारुण्य परत करतो. येथे परिवर्तनाचे कारण तृप्तीचा अनुभव हे आहे. सहस्र वर्षे भोगून झाल्यावर परत केलेल्या तारुण्यासाठी ययातीला फारसा त्याग करावा लागत नाही.

खांडेकरांनी हा क्रम बदलला. पुत्र दोनच ठेवले, देवयानीचा यदू व शर्मिष्ठेचा पुरू. भोगाचा दीर्घ काळ त्यांनी शापाच्या आधी आणला आणि तारुण्य घेतल्यानंतरचा काळ अगदी अल्प केला. हा बदल वरवर तांत्रिक वाटतो. परंतु त्यामुळे कथेचा नैतिक भार दुसरीकडे सरकतो. कादंबरीतील ययाती भोगून थकल्यामुळे बदलत नाही. त्याला नव्याने तारुण्य हाती आलेले असतानाच ते सोडण्याचा निर्णय घ्यावा लागतो. म्हणून या कादंबरीत निर्णयांचा माग काढणे अपरिहार्य ठरते.

घटना आणि निर्णय यांतील भेद :

विवेचनापूर्वी एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. कथानकातील प्रत्येक महत्त्वाची घटना म्हणजे नायकाचा निर्णय नव्हे. नहुषाला मिळालेला शाप, विहिरीत पडलेली देवयानी नेमकी ययातीलाच आढळणे, शुक्राचार्यांचा कोप या घटना आहेत. त्या त्याच्यावर येऊन आदळतात. नायकासमोर किमान दोन मार्ग मोकळे असतात, त्यांची त्याला जाणीव असते आणि तरीही तो एक मार्ग पत्करतो, तेव्हाच त्याला नैतिक निर्णय म्हणता येते. उत्तरपत्रिकांतील मोठा दोष हाच असतो की, शाप हा परिवर्तनाचा बिंदू मानला जातो. शापाने ययातीचे शरीर बदलते. वृत्ती बदलत नाही. शापानंतरचा त्याचा पहिला निर्णय मुलाकडे तारुण्य मागण्याचा आहे, हे त्याचे सर्वांत ठळक प्रमाण होय.

प्रत्येक निर्णयाला चार प्रश्न विचारावेत. दुसरा कोणता मार्ग उपलब्ध होता? कोणत्या भयाने वा इच्छेने हा मार्ग निवडला गेला? किंमत कोणी मोजली? आणि नायकाने स्वतःची समजूत कशी घातली? हीच चौकट पुढील निर्णयांना लावून पाहू.

पहिला निर्णय : मृत्यूच्या सावलीतील आसरा

अश्वमेधाच्या निमित्ताने फिरताना ययातीला आपला ज्येष्ठ बंधू यती भेटतो. शरीराचा द्वेष करणारा हा तापस आणि नहुषाची मुले कधीही सुखी होणार नाहीत ही शापवाणी, या दोहोंनी त्याच्या मनात एक भय रुजते. पुढे मृत्युशय्येवरील पित्याची जगण्यासाठीची तडफड तो पाहतो. पराक्रमी नहुष मृत्यूपुढे इतका असहाय होतो, हे दृश्य त्याला सोसवत नाही आणि तो मुकुलिका या दासीच्या सहवासात आसरा शोधतो.

या निर्णयाकडे केवळ वासनेचा उद्रेक म्हणून पाहिले तर पुढील सारे निर्णय सुटे पडतात. येथे वासनेच्या मुळाशी मृत्यूचे भय आहे. दुःखाजवळ, आजारी पित्याजवळ थांबणे हा दुसरा मार्ग होता. तो टाळून तो दुसऱ्या शरीराच्या ऊबेत स्वतःला विसरतो. या पलायनाचा दोष राजपुत्राला लागत नाही, दासीला लागतो. भय, पलायन आणि दुसऱ्याने मोजलेली किंमत असा एक आकृतिबंध येथेच तयार होतो.

दुसरा निर्णय : लपविलेले प्रेम

देवयानीशी झालेला विवाह ययातीला सुख देत नाही. शर्मिष्ठेत त्याला निरपेक्ष प्रेम लाभते. हे प्रेम खरे आहे, याविषयी कादंबरी संशय ठेवत नाही. प्रश्न आहे तो ते प्रेम उघडपणे स्वीकारण्याचा. देवयानीला सत्य कळल्यावर ययाती शर्मिष्ठेच्या बाजूने राजसभेत उभा राहत नाही. तो तिला व तान्ह्या पुरूला रात्रीच्या अंधारात, मित्र माधवाच्या मदतीने नगराबाहेर पाठवितो.

या निर्णयाचे मूल्यमापन करताना सावध राहावे लागते. तिचा जीव वाचविण्यासाठी त्याने हे केले, हे खरेच आहे. म्हणूनच हा निर्णय पहिल्यापेक्षा वरचा आहे. यात दुसऱ्याचा विचार आहे. तथापि स्वतःचे सिंहासन आणि संसाराचा बाह्य देखावा यांना त्याने धक्का लागू दिलेला नाही. वनवास शर्मिष्ठेच्या वाट्याला येतो आणि राजवाडा ययातीकडे राहतो. परिवर्तनाची रेषा सरळ वर जात नाही, ती मध्येच वर येऊन पुन्हा घसरते, हे येथे दिसून येते.

तिसरा निर्णय : माधवी आणि अशोकवन

माधवाच्या मृत्यूने ययाती पुन्हा त्याच जुन्या भयापुढे येऊन उभा राहतो. पेच तोच आहे. या वेळी मित्राच्या वाग्दत्त वधूचे, माधवीचे, सांत्वन करणे हे त्याचे कर्तव्य होते. तो मात्र तिच्याकडेच भोगवस्तू म्हणून पाहतो आणि माधवी यमुनेत देह टाकते. यानंतर अठरा वर्षे तो अशोकवनात मद्य आणि मदिराक्षी यांत बुडून राहतो.

पहिल्या निर्णयाशी तुलना केली असता अधःपात किती झाला, हे मोजता येते. भय तेच, पलायनाची दिशाही तीच. परंतु पहिल्या वेळी तो अननुभवी राजपुत्र होता. आता परिणामांची पूर्ण जाणीव असलेला राजा आहे. नायकाचा ऱ्हास नेहमी नव्या पापांतून दिसतो असे नाही. तीच चूक अधिक जाणतेपणाने करणे, हेही ऱ्हासाचेच लक्षण होय.

चौथा आणि पाचवा निर्णय : मागणे आणि परत करणे

जरा प्राप्त झाल्यावर ययाती मुलांकडे तारुण्य मागतो. यदू नाकारतो, पुरू देतो. आजवर दासी, प्रेयसी, मित्राची वधू यांनी मोजलेली किंमत आता स्वतःचा पुत्र मोजणार आहे. पहिल्या निर्णयात बीजरूपाने असलेला आकृतिबंध येथे आपल्या टोकाला पोहोचतो. याहून पुढे जाण्यास जागाच उरत नाही.

आणि म्हणूनच येथे वळण शक्य होते. अकाली वृद्ध झालेला पुरू समोर उभा राहतो, तेव्हा ययातीला आपल्या सुखाची किंमत प्रथमच डोळ्यांसमोर, जिवंत स्वरूपात दिसते. आधीच्या प्रसंगांत ज्यांनी किंमत मोजली ती माणसे दूर पाठविली गेली होती किंवा मरण पावली होती. पुरू जवळ आहे. ययाती तारुण्य परत करण्याचे ठरवितो आणि पुढे राज्य पुरूकडे सोपवून वनाची वाट धरतो. वृद्धत्वाचे व मृत्यूचे जे भय तो आयुष्यभर टाळत आला, ते तो प्रथमच स्वतःच्या अंगावर घेण्यास सिद्ध होतो. वर्गातील त्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. पश्चात्ताप पूर्वीही होता. किंमत स्वतः मोजण्याची तयारी मात्र येथेच आली.

या पद्धतीच्या मर्यादा :

‘ययाति’मध्ये निवेदन ययाती, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांकडे विभागलेले आहे. ययाती जे सांगतो ते सारे मागे वळून पाहत सांगतो. त्यामुळे तरुण ययातीच्या कृतीवर वृद्ध ययातीचे शहाणपण पसरलेले असते आणि वाचकाला तो आहे त्यापेक्षा लवकर बदलल्यासारखा वाटतो. यावर उपाय असा की, निवेदकाची टिप्पणी क्षणभर बाजूला ठेवून केवळ कृती वाचावी आणि जेथे शक्य आहे तेथे ती दोघींच्या निवेदनाशी ताडून पाहावी.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. अखेरीस कचाच्या साहाय्याने संकट निवारले जाते आणि ययातीने द्यावयाची किंमत पुष्कळशी हलकी होते. गिरीश कर्नाड यांनी ‘ययाति’ (१९६१) या नाटकात ही सुटका ठेवली नाही. तेथे पुरूची पत्नी चित्रलेखा विष घेते आणि त्या मृत्यूनंतर ययाती वार्धक्य परत स्वीकारतो. बोध होतो, पण एक जीव गेल्यावर. खांडेकरांच्या शेवटात दिलासा आहे. त्यामुळे परिवर्तनाची कसोटी काहीशी सैल होते, हा आक्षेप मान्य करावा लागतो. मात्र कच साहाय्यास येईल हे ठाऊक नसताना ययातीने निर्णय घेतला असल्याने त्या निर्णयाचे नैतिक मूल्य पुसले जात नाही.

निष्कर्ष :

ययातीचे परिवर्तन हे भोगाकडून विरक्तीकडे झालेले स्थित्यंतर आहे, असे म्हणणे अपुरे आहे. आपल्या भयाची किंमत दुसऱ्याकडून वसूल करण्याकडून ती स्वतः चुकती करण्याकडे झालेला तो प्रवास आहे. तो शापाच्या क्षणी घडत नाही, पश्चात्तापाच्या शब्दांतही घडत नाही. एकच पेच पाच वेळा समोर येतो. चार वेळा तो दुसऱ्याला पुढे करतो आणि पाचव्या वेळी स्वतः पुढे होतो. विद्यार्थ्यांनी हे दोन प्रसंग, मुकुलिकेचा आणि पुरूचा, शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर परिवर्तन हा शब्द न वापरताही ते त्यांना नेमके दाखविता येईल.