चाचणीचा लेख वाचताना

कंटेंट रायटर निवडताना उमेदवाराकडून एक लेख लिहून घेतात. तो नुसता वाचून ‘आवडला’ म्हटले, तर सफाईदार भाषेचा उमेदवार बहुधा पुढे जातो. म्हणून उपयुक्तता, स्वतःचेपण, भाषेचा सूर आणि संपादनाचे कष्ट यांना वेगवेगळे, पाचपैकी गुण द्यावेत. नावे झाकून दोन संपादकांनी ते स्वतंत्रपणे द्यावेत.

समजा, विषय आहे ‘पहिल्या नोकरीत पीपीएफ खाते’. पहिल्या उमेदवाराचा लेख नितळ आहे. पीपीएफ सुरक्षित आहे, मुदत १५ वर्षांची आहे, करात सवलत मिळते, हे सगळे बरोबर. पण वाचून झाल्यावर वाचक नेमके काय करणार? दुसऱ्याच्या लेखात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, वाक्ये लांबलचक आहेत. मात्र तो सांगतो, की व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर अखेरपर्यंत जी किमान शिल्लक असेल तिच्यावर मिळते. एप्रिलमध्ये दीड लाख रुपये ५ ऐवजी ६ तारखेला भरले, तर त्या रकमेवरचे एका महिन्याचे व्याज जाते, ७.१ टक्के दराने सुमारे ८८७ रुपये. हा हिशेब त्याने स्वतः मांडला आहे.

स्वतःचेपण तपासायला नक्कल शोधणारे सॉफ्टवेअर पुरत नाही. ते जुळणारे शब्द दाखवते; शब्द बदलून उचललेली मांडणी त्यातून निसटते. त्यामुळे त्याच विषयावरचे आधीचे दोन-तीन लेख शेजारी ठेवून उपशीर्षकांचा क्रम आणि उदाहरणे पाहावी लागतात. पहिल्याचा लेख इथे उघडा पडतो. सरकारी नियमाचे शब्द जुळले म्हणून मात्र गुण कापू नयेत.

सुरासाठी उमेदवाराला आधीच एक नमुना लेख द्यायला हवा, नाहीतर त्याने आपला सूर ओळखावा कसा? संपादनाचे कष्ट घड्याळ लावून मोजावेत, पण फक्त लिहिलेले दुरुस्त करण्याचे. राहून गेलेली माहिती भरण्याचा वेळ त्यात धरला, तर उपयुक्ततेत कापलेले गुण पुन्हा कापले जातात.

आता बेरीज करू. त्याच क्रमाने पहिल्याला २, २, ५, ५ आणि दुसऱ्याला ५, ४, ३, २. दोघेही १४ वर! माझ्या मते अशा माहितीपर लेखात उपयुक्ततेचे गुण दुप्पट धरावेत, आणि हे लेख हाती येण्याआधीच ठरवावे. मग पहिला १६, दुसरा १९.

तरीही दुसऱ्याचे संपादनातले २ गुण खटकतातच. अशा वेळी दुरुस्त्यांच्या खुणांसह लेख त्याला परत द्यावा आणि, मोबदला देऊन, आणखी एक छोटा मजकूर लिहून घ्यावा. त्याच चुका पुन्हा दिसल्या, तर त्याचा प्रत्येक लेख संपादकाचा तितकाच वेळ खाणार, हे धरूनच निर्णय घ्यावा लागेल.