हेक्टरचा एकर झाला तेव्हा

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. त्यातलं एक नेहमीचं काम शेतीच्या सल्लापत्रकांचं आहे. एका शेतकरी गटासाठी दर आठवड्याला दोन-तीन पानांचा इंग्रजी मजकूर येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो मराठीत द्यायचा असतो. पहिला खर्डा मी एआय मॉडेलकडून करून घेते आणि मग मूळ मजकुराशी ओळीला ओळ लावून तपासते.

पहिल्याच पावसाळ्यात एका पत्रकात खताची मात्रा हेक्टरी १०० किलो अशी दिलेली होती. खर्ड्यात आलं, ‘एकरी १०० किलो’. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, म्हणजे मात्रा अडीचपट झाली. वाक्य इतकं सरळ, इतकं मराठी होतं की पहिल्या वाचनात माझी नजर त्यावरून निसटली. सकाळी फक्त आकडे ताडून पाहताना चूक सापडली. मी घाईघाईने प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या सूचनेत, दोन-तीन ओळी वाढवल्या, पुन्हा चालवलं, बरोबर आलं आणि पत्रक वेळेत गेलं. तीन आठवड्यांनी मी दुसऱ्याच फाइलमधून जुना प्रॉम्प्ट उचलला आणि तीच चूक पुन्हा समोर आली. आधी नेमक्या कोणत्या ओळीने काम झालं होतं, ते काही केल्या आठवेना. त्या दिवशी मी प्रॉम्प्टची वही घातली.

वही म्हणजे संगणकावरचा एक फोल्डर आणि त्यात साध्या मजकुराच्या फाइली. एका कामाच्या प्रॉम्प्टला एक फाइल. प्रॉम्प्ट बदलला की जुना पुसायचा नाही, त्याच्या खाली नवी आवृत्ती लिहायची. बिघडलेल्या आवृत्त्याही ठेवायच्या, कारण चार महिन्यांनी तीच कल्पना नवी म्हणून पुन्हा सुचते. माझ्या वहीतली एक नोंद अशी दिसते:

```
नाव         : शेती-सल्ला-भाषांतर
आवृत्ती     : ४
मॉडेल       : (पूर्ण नाव, तारखेसह)
temperature : 0.2
max_tokens  : 3000
चाचणी       : १० उतारे, प्रत्येकी ५ वेळा
बदल         : "शेतकऱ्यांना कळेल अशा सोप्या" काढलं;
              "वाक्यं छोटी ठेव. अट, संख्या, एकक
              जसंच्या तसं ठेव." घातलं
निकाल       : एकक चुकलं १५ पैकी ०; अट गळाली ५० पैकी १
कारण        : खाली पाहा. ओळ काढून तपासलं: हो
```

यातली चाचणीची ओळ सगळ्यात आधी लिहिली जावी असं मला वाटतं. मी जुन्या पत्रकांमधून दहा उतारे निवडले. त्यात सोपे फार थोडे आहेत. ज्यांनी मला एकदा तरी फसवलं, तेच मुद्दाम घेतले. तीन उताऱ्यांत हेक्टर आहे. एकात ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी आहे आणि पुढच्या २४ तासांत पाऊस येणार असेल तर ती करू नये अशी अट आहे. एकात दशलक्षातला आकडा आहे, जो मराठीत लाखांत यायला हवा. प्रत्येक उताऱ्यासोबत एका ओळीत लिहिलं आहे की उत्तरात काय असायलाच हवं. ती ओळ आधी लिहिलेली असली की समोर आलेलं भाषांतर गोड वाचतंय म्हणून मन ढळत नाही.

प्रत्येक उतारा पाच वेळा चालवायचा, कारण मॉडेल दरवेळी तेच उत्तर देत नाही. पुढचा तुकडा कोणता यावा याच्या अनेक शक्यता त्याच्याकडे असतात आणि त्यातून निवड होते. टेंपरेचर कमी ठेवलं की सगळ्यात संभाव्य तुकड्याकडे कल राहतो, वाढवलं की मागच्या शक्यतांनाही संधी मिळते. भाषांतराला मी ०.२ ठेवते. शून्यावर नेलं तरी दोन उत्तरं अक्षरशः एकच येतील याची खात्री नसते, आणि काही नव्या मॉडेलांत हा आकडा बदलताच येत नाही. म्हणून एकदा बरोबर आलं, यावर वहीत काहीही लिहायचं नाही हा माझा नियम.

आता त्या हेक्टरकडे परत येते. पहिल्या आवृत्तीत एवढंच होतं: ‘खालील मजकुराचं शेतकऱ्यांना कळेल अशा सोप्या मराठीत भाषांतर कर.’ हेक्टर असलेले तीन उतारे पाच-पाच वेळा चालवले, तेव्हा १५ पैकी ६ वेळा हेक्टरचा एकर झाला आणि आकडा तसाच राहिला. दुसऱ्या आवृत्तीत मी ‘मोजमापाची एककं बदलू नकोस’ ही ओळ घातली. चुका १ वर आल्या. कारणाच्या रकान्यात मी मोठ्या विश्वासाने लिहिलं, ‘मॉडेलला हेक्टर-एकराचा हिशोब जमत नाही, म्हणून मनाई केली.’

हे कारण साफ चुकीचं होतं. ते कळलं ते तिसऱ्या आवृत्तीत, जेव्हा मी मनाईची ओळही काढली आणि ‘शेतकऱ्यांना कळेल अशा’ हे शब्दही काढले. मनाई नसतानाही एकक एकदाही बदललं नाही. शिवाय हेक्टरचे एकर करायला सरळ सांगितलं, तर तोच हिशोब पाचही वेळा बरोबर आला. म्हणजे हिशोबाचा काही संबंध नव्हता. शेतकऱ्याच्या बोलीत लिही म्हटल्यावर त्या बोलीतला शब्द आला, आणि मराठी शेतकरी जमीन एकरात मोजतो. शब्द बदलला, आकडा मात्र भाषांतराच्या शिस्तीने जागेवर राहिला. चूक माझ्या सूचनेतच पेरलेली होती आणि दुसऱ्या आवृत्तीत मी तिच्यावर नुसतं झाकण ठेवलं होतं.

त्याच शब्दांनी आणखी एक गोष्ट बिघडत होती, जी मला आधी दिसलीच नव्हती. ‘पुढच्या २४ तासांत पाऊस येणार असेल तर फवारणी करू नये’ याचं काही वेळा ‘पावसात फवारणी टाळा’ होत होतं. वाक्य सोपं झालं खरं, पण अट हरवली. सकाळी कोरड्या हवेत फवारलेला अर्क संध्याकाळच्या सरीने धुऊन जातो, आणि ते टाळण्यासाठीच तर मूळ वाक्य होतं. ‘सोपं कर’ म्हटलं की मॉडेल शब्द सोपे करेल की मजकूर गाळेल, हे त्या शब्दात कुठेच ठरलेलं नाही. म्हणून चौथ्या आवृत्तीत सोपेपणाऐवजी मी मला हवं ते सांगितलं: वाक्यं छोटी, पण अट, संख्या आणि एकक जसंच्या तसं.

कारण लिहायची माझी पद्धत तेव्हापासून बदलली. एखादी ओळ घातल्याने निकाल सुधारला, तर ती ओळ पुन्हा काढून चाचणी चालवायची. चूक परत आली तरच ती ओळ कामाची. एका वेळी एकच बदल करायचा, नाहीतर श्रेय कुणाला द्यायचं ते कळत नाही. हे कंटाळवाणं आहे आणि त्यात एक दुपार जाते. पण माझ्या एका प्रॉम्प्टमधल्या चौदा ओळींपैकी पाच ओळी काढल्या तरी निकालात काही फरक पडला नाही. त्या ओळी मी वर्षभर श्रद्धेने पुढच्या फाइलींमध्ये नेत होते.

१५ पैकी शून्य चुका म्हणजे प्रॉम्प्ट निर्दोष, असंही नाही. दहातून एकदा चुकणारा प्रॉम्प्टसुद्धा लागोपाठ १५ वेळा बरोबर येण्याची शक्यता सुमारे २० टक्के असते. म्हणून वहीत कितीही चांगला निकाल असला तरी मी आकडे हाताने ताडते. वहीमुळे खर्डा सुधारला आणि तपासताना कुठे थांबायचं ते कळलं, एवढंच मी म्हणेन.

सेटिंग्ज लिहून ठेवण्याचा उपयोग एका वेगळ्याच प्रकरणात झाला. लांब पत्रकांचा शेवटचा परिच्छेद येईनासा झाला होता. तोंडाला कापड बांधा, फवारणीनंतर हात धुवा अशा सूचना असतात तो परिच्छेद. मी प्रॉम्प्टमध्ये ‘संपूर्ण भाषांतर कर, काहीही गाळू नकोस’ असं दोनदा लिहून पाहिलं. फरक शून्य. वही उघडली तेव्हा दिसलं की `max_tokens` मी ८०० ठेवलं होतं, इंग्रजी सारांशाच्या एका जुन्या कामावरून उचललेलं. टोकन म्हणजे मॉडेल मजकुराचे जे बारीक तुकडे करतं ते, आणि तेवढाच आशय देवनागरीत लिहायला साधारणपणे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे लागतात. ८०० तुकडे संपले की उत्तर तिथेच तुटायचं. उत्तरासोबत आलेल्या माहितीत `finish_reason` समोर `length` असं लिहिलेलंही होतं, मी ते कधी वाचलं नव्हतं. मर्यादा ३००० केली आणि सूचनेतला एक शब्दही न बदलता परिच्छेद परत आला. आता `finish_reason` हाही नोंदीतला एक रकाना आहे.

प्रॉम्प्टमध्ये नमुन्यादाखल उदाहरणं दिली असतील, तर ती कोणत्या क्रमाने दिली तेही मी लिहिते. तीच उदाहरणं क्रम बदलून दिली तर अचूकता बरीच बदलू शकते, हे संशोधकांनी २०२१ मध्येच दाखवलं आहे. माझ्याकडे झालं ते याहून साधं होतं. माझी दोन्ही उदाहरणं ‘शेतकरी बंधूंनो’ने सुरू होत होती, तर गोदामातल्या धान्याच्या ओलाव्यावरचा रुक्ष तक्ताही ‘शेतकरी बंधूंनो’ म्हणत आला. एक उदाहरण बदलल्यावर ते थांबलं.

मॉडेलचं पूर्ण नाव तारखेसह लिहायचं ते अशासाठी की ‘नवीनतम’ अशा अर्थाच्या नावामागचं मॉडेल कंपनी बदलते आणि नाव तेच राहतं. चॅटच्या खिडकीत काम करणाऱ्यांना तर टेंपरेचर बहुतेक वेळा दिसतही नाही. तिथे निदान तारीख लिहावी, दरवेळी नवं संभाषण उघडावं आणि जुन्या गप्पांची स्मृती बंद करून चाचणी घ्यावी. माझ्या एका मैत्रिणीचा प्रॉम्प्ट तिच्याकडे उत्तम चालायचा आणि माझ्याकडे अजिबात नाही. तिने सहा महिन्यांपूर्वी सेटिंग्जमध्ये लिहून ठेवलेल्या कायमच्या सूचना अर्धं काम करत होत्या, हे तिलाच आठवत नव्हतं.

गेल्या महिन्यात मी वापरत असलेलं मॉडेल बंद झालं. नव्यावर दहा उतारे पाच-पाच वेळा चालवले. हेक्टर जागेवर राहिला, अगदी पहिल्या आवृत्तीतसुद्धा. मात्र चौथ्या आवृत्तीत निंबोळी अर्काच्या उताऱ्यात ५० ऐवजी ५ वेळाच चाचणी होते, आणि त्या पाचांपैकी दोनदा ‘२४ तासांत’चं ‘एका दिवसात’ झालं. अर्थ जवळचा आहे, पण संध्याकाळी वाचणारा ‘एका दिवसात’ म्हणजे आजचा दिवस समजू शकतो. पाचव्या आवृत्तीत ‘वाक्यं छोटी ठेव’ हे शब्द काढून पाहिले, तरी दोनदा तेच झालं. कारणाच्या रकान्यात सध्या लिहिलं आहे, ‘माहीत नाही. छोट्या वाक्यांमुळे नाही.’