सहा रुपयांचा फरक, सव्वीस सभासदांची प्रत

समजा, एकच सॉफ्टवेअर राज्यातल्या अनेक पतसंस्था वापरतात. मार्चअखेर उलटते, लाभांश जाहीर होतो, याद्या निघतात. सगळीकडे हिशेब जुळतो, पण एका संस्थेत लाभांश यादीची बेरीज खतावणीपेक्षा सहा रुपयांनी जास्त येते. रक्कम किरकोळ असली तरी लेखापरीक्षक ती सोडत नाहीत, आणि सोडूही नये. संस्थेचे व्यवस्थापक सॉफ्टवेअर कंपनीला फोन करतात. कंपनीतला प्रोग्रॅमर आपल्या संगणकावरच्या चाचणीच्या डेटावर तीच यादी काढून पाहतो, तर बेरीज तंतोतंत जुळते.

असा बग एकाच ग्राहकाच्या डेटात दडलेला असतो. डेटा पाहिल्याशिवाय तो सापडत नाही. त्या डेटात मात्र हजारो माणसांची नावं, मोबाइल क्रमांक, पॅन, कर्जाच्या रकमा आणि थकबाकी असते. संपूर्ण डेटाबेसचा बॅकअप प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर उतरवून घेणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि सगळ्यात घातकही. लॅपटॉप हरवतो, बॅकअपची फाइल ईमेलमधून पुढे जाते, काम संपल्यावर ती पुसायची राहून जाते. भारताच्या 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, डेटा सांभाळण्यासाठी पुरेशी खबरदारी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

यावरचा सुरक्षित मार्ग म्हणजे लाइव्ह डेटाची छोटी, ओळख पुसलेली प्रत. तिच्यात माणसं ओळखू येऊ नयेत, बग मात्र जसाच्या तसा दिसावा. या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि खरं कौशल्य तिथेच लागतं.

पहिलं काम प्रत छोटी करण्याचं. ज्याला लाइव्ह डेटाबेस पाहण्याचा अधिकार आहे असा कर्मचारी संस्थेच्याच सर्व्हरवर यादी आणि खतावणी सभासदनिहाय ताडून पाहतो. आपल्या उदाहरणात सहा सभासदांच्या बाबतीत एकेक रुपयाचा फरक निघतो. प्रतीत हे सहा हवेत, आणि तुलनेसाठी ज्यांचा हिशेब जुळतो असे वीस. एकूण सव्वीस सभासद.

पण नुसत्या सव्वीस नोंदी उचलून भागत नाही. सभासदाची नोंद शाखेच्या नोंदीवर टेकलेली असते, शेअर दाखल्याची नोंद सभासदाच्या नोंदीवर, आणि दाखला लाभांशाच्या दराशीही बांधलेला असतो. टेकू सुटला तर डेटाबेस ती नोंद स्वीकारतच नाही. म्हणून निवडलेली नोंद ज्या ज्या नोंदींवर टेकली आहे त्या वरच्या सगळ्या घ्यायच्या. खाली उतरताना मात्र फक्त या सव्वीस जणांचे दाखले घ्यायचे. ही शिस्त मोडली की प्रत फुगते. एका सभासदामुळे शाखा येते, शाखेमुळे तिचे सगळे सभासद येतात, त्यांच्यामुळे सगळी कर्जखाती येतात, आणि बघता बघता अख्खी संस्था प्रतीत उतरते. हे धागे धरून नोंदी वेचणारी ‘जेलर’सारखी साधनं मिळतात. तरी कुठल्या धाग्यावर थांबायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

दुसरं काम ओळख पुसण्याचं. ते संस्थेच्या सर्व्हरवरच, प्रत बाहेर पडण्याआधी व्हायला हवं. लॅपटॉपवर आणून मग पुसू म्हटलं, तर खरा डेटा तोवर बाहेर पडलेला असतो. इथला नियम कडक असतो: जो कॉलम यादीत नाव घेऊन परवानगीने बसवलेला नाही, तो रिकामा जातो. उद्या कुणी सभासदाच्या टेबलात आधार क्रमांकाचा नवा कॉलम जोडला, तरी तो चुकून बाहेर जाणार नाही. ‘शेरा’सारखे मोकळ्या मजकुराचे कॉलम सरळ कोरे करायचे. कारकून तिथे काहीही लिहितो: भावाचा मोबाइल नंबर, आजारपणाचं कारण, घरातला वाद.

मोबाइल क्रमांकाचं काय करायचं? अनेकांना हॅश हा उपाय सुचतो. क्रमांकावर गणिती प्रक्रिया करून आकडे-अक्षरांची एक ओळ बनवायची, जिच्यावरून उलट हिशेब करता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये नेमकं हेच झालं होतं. तिथल्या टॅक्सींच्या 2013 सालच्या 17 कोटींहून अधिक फेऱ्यांचा डेटा माहिती अधिकाराच्या अर्जावरून 2014मध्ये बाहेर आला. टॅक्सी आणि चालक यांचे परवाना क्रमांक एमडी-5 हॅशने झाकलेले होते. पण त्या क्रमांकांची रचना ठरावीक असल्यामुळे शक्य असलेले क्रमांक होते जेमतेम दोन-अडीच कोटी. एका संगणकतज्ज्ञाने त्या सगळ्यांचे हॅश काढून ताडून पाहिले, आणि दोन तासांच्या आत झाकलेले क्रमांक उघडे पडले. भारतीय मोबाइल क्रमांक दहा आकडी असतो आणि 6, 7, 8 किंवा 9ने सुरू होतो. म्हणजे शक्यता 400 कोटी. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण गेम खेळण्यासाठी घेतलेल्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाला एवढे एमडी-5 हॅश काढायला काही सेकंदच लागतात.

त्यामुळे क्रमांक बदलताना पूर्णपणे यादृच्छिक क्रमांक द्यायचा. एकच सभासद जिथे जिथे येतो तिथे तोच नवा क्रमांक जावा, म्हणून जोड्यांचं एक तात्पुरतं टेबल सर्व्हरवर ठेवायचं आणि प्रत तयार झाली की ते नष्ट करायचं. इथे आणखी एक खड्डा आहे. यादृच्छिक क्रमांक योगायोगाने कुणाचा तरी खरा नंबर निघू शकतो, आणि चाचणी करताना त्या माणसाला कर्जाच्या हप्त्याचा एसएमएस जाऊ शकतो. म्हणून नवे क्रमांक शून्याने सुरू करतात आणि प्रतीतल्या एसएमएस सेवेची जोडणीही काढून टाकतात.

नावं, क्रमांक आणि शेरे पुसले. ‘सभासद 1’ ते ‘सभासद 26’ अशी नावं बसवली. प्रत प्रोग्रॅमरकडे आली, त्याने यादी काढली. बेरीज बरोबर! बग गायब.

नवखा माणूस इथे हताश होतो आणि खरा बॅकअप मागतो. जाणत्याला मात्र पहिला धागा हाती लागलेला असतो. पुसलेल्या कॉलमांपैकी कुठला तरी बगला कारणीभूत आहे, एवढं यातून कळतं. आता एकेक कॉलम पाहायचा. खरी नावं परत आणायची नाहीत, फक्त पुसण्याची रीत जरा सौम्य करायची. नावातलं प्रत्येक अक्षर दुसऱ्या अक्षराने बदलायचं, पण लांबी, मोकळ्या जागा, पाय मोडण्याचं चिन्ह, र, ऱ आणि डोळ्यांना न दिसणारी चिन्हं तशीच ठेवायची. एका सभासदाला बदलाचा एकच तक्ता लावायचा, म्हणजे त्याच्या दोन नोंदींत काही फरक असेल तर तो टिकतो.

नव्या प्रतीत बग पुन्हा हजर होतो, आणि कारणही समोर येतं. या सहाही जणांच्या आडनावात ‘ऱ्ह’ आहे, जसा कऱ्हाडे किंवा गोऱ्हे या आडनावांत असतो. हे जोडाक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं:

```
U+0930 U+094D U+200D U+0939
U+0931 U+094D U+0939
```

पहिल्या ओळीत साधा र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह आणि ह आहे. दुसऱ्या ओळीत स्वतंत्र ऱ, हलन्त आणि ह आहे. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन वेगळी नावं वाटतात. संस्थेचे जुने शेअर दाखले आधीच्या सॉफ्टवेअरमधून आले होते, त्यांत पहिली रीत होती. नवे दाखले इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप झाले. तिथे ऱला स्वतंत्र कळ असल्यामुळे दुसरी रीत आली. इतर संस्थांत एकच रीत वापरली गेली, म्हणून तिथे बग दिसला नाही.

यादीचा प्रोग्रॅम दाखल्यांची बेरीज सभासद क्रमांक आणि नाव या दोन्हींवरून करत होता, खतावणी फक्त क्रमांकावरून. म्हणून यादीत एका माणसाचे दोन तुकडे पडत होते. एकाचं उदाहरण घेऊ. पन्नास रुपयांचे 25 शेअर जुन्या दाखल्यावर, 15 नव्यावर. नऊ टक्क्यांनी लाभांश 112.50 आणि 67.50 रुपये. प्रत्येक रक्कम वेगवेगळी पूर्ण रुपयांत केली की 113 आणि 68, म्हणजे 181. खतावणीत दोन्ही मिळून थेट 180.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. प्रत बनवताना रकमा ‘गोल’ करून शंभराच्या पटीत बसवल्या असत्या, तर अर्धे रुपये नाहीसे झाले असते आणि नावं टिकूनही बग दिसला नसता. म्हणून शेअरची संख्या बदलताना विषमाच्या जागी दुसरी विषम संख्याच घ्यावी लागते. तारखांचंही तसंच. एका सभासदाच्या सगळ्या तारखा सारख्याच दिवसांनी सरकवल्या की त्यांच्यातलं अंतर टिकतं, पण जो बग 31 मार्च किंवा 29 फेब्रुवारीशी बांधलेला असेल तो अशा सरकवण्यात हरवतो.

अशी प्रत छोटी आहे म्हणून निर्धोक मानता येत नाही. अमेरिकेत लॅटान्या स्वीनी यांनी 1990च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा पाच आकडी झिप कोड एवढ्यावरून तिथले सुमारे 87 टक्के लोक एकमेव ठरण्याची शक्यता आहे. नाव कुठेच लागत नाही. छोट्या गावातला सगळ्यात मोठा शेअरधारक कोण, हेही गावाला आकड्यावरून कळतं. शिवाय ‘ऱ्ह’ असलेली आडनावं मोजकीच असल्यामुळे अक्षरं बदललेल्या नावावरूनही अंदाज बांधता येतो. त्यामुळे गाव, जन्मतारीख आणि पिनकोड बगला लागत नसतील तर कोरेच जायला हवेत, आणि उरलेली प्रतसुद्धा मोजक्या लोकांपुरती, कुलूपबंद ठेवावी लागते.

बग दिसू लागला की प्रत आणखी आटवायची. निम्म्या नोंदी काढायच्या, बग टिकला का पाहायचं. टिकला तर आणखी निम्म्या काढायच्या, नाहीसा झाला तर दुसरा निम्मा भाग काढून पाहायचा. जर्मन संशोधक आंद्रेआस झेलर यांनी या रीतीला ‘डेल्टा डिबगिंग’ नावाने शिस्तबद्ध रूप दिलं. आपल्या उदाहरणात सव्वीस सभासदांवरून सुरुवात करून शेवटी एक सभासद आणि दोन दाखले उरतात. एवढं कळल्यावर ग्राहकाच्या डेटाची गरजच संपते. प्रोग्रॅमर स्वतः रचलेलं एक आडनाव दोन प्रकारे टाइप करतो, 25 आणि 15 शेअर टाकतो आणि त्यावर कायमची चाचणी लिहितो. तिच्यात कुणाही खऱ्या माणसाची कणभरही माहिती नसते.

दुरुस्ती एका ओळीची ठरते: बेरीज फक्त सभासद क्रमांकावरून करायची आणि नाव सभासदाच्या मूळ नोंदीतून घ्यायचं. नावं जुळवून घेण्यासाठी युनिकोडचं प्रमाणीकरण वापरू, असं कुणी सुचवलं तर ते पुरणार नाही, कारण ‘ऱ्ह’ लिहिण्याच्या या दोन रीती युनिकोड एकच मानत नाही. दुरुस्ती सगळ्या संस्थांकडे जाते. त्यानंतर सव्वीस सभासदांची प्रत पुसायची, आणि सोबत तिचे लॅपटॉपवरचे बॅकअप, तक्रारीला जोडलेल्या फाइली आणि बग दाखवण्यासाठी काढलेले स्क्रीनशॉटही.