वेगवान गोलंदाजासाठी फिल्डिंग कशी लावावी (चित्रासह)

मागच्या महिन्यात पलीकडच्या गावच्या शाळेशी आमची मॅच झाली. तिसरी-चौथीची मिळून अकरा जणांची टीम होती आणि कप्तान मी होतो. मी फिल्डिंग लावली तेव्हा झाडाखाली बसलेले एक आजोबा ओरडले, "अरे, तिकडं सगळं मोकळं रान पडलंय, एकाला तिकडं उभा कर की!" खूप जण हसले. पण ती जागा मी मुद्दाम मोकळी ठेवली होती. ती का ठेवली, आणि तरीही माझे काय चुकले, ते सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

आता शेजारचे चित्र बघा. मधली उभी पट्टी म्हणजे पीच. खरे पीच २२ यार्डांचे असते. आम्ही लहान म्हणून आमचे १८ पावलांचे आहे. पट्टीच्या वरच्या टोकाला फलंदाज उभा आहे आणि खालून गोलंदाज पळत येतो. फलंदाज उजवा आहे. तो ज्या बाजूला छाती करून उभा राहतो ती ऑफ साइड, आणि त्याच्या पाठीकडची ती लेग साइड. चित्रात डावीकडे ऑफ आहे आणि उजवीकडे लेग.

टीममध्ये अकरा जण असतात. त्यातला एक गोलंदाज आणि एक विकेटकीपर. मग कप्तानाच्या हातात उरतात फक्त नऊ जण. नऊ जणांत एवढे मोठे मैदान झाकताच येत नाही. मी आधी सगळ्यांना सारख्या अंतरावर गोल उभे करायचो, भोंडल्यासारखे. माझा दादा तालुक्याच्या टीममधून खेळतो. तो म्हणाला, "असं उभं केलंस तर एक-एक रन वाचेल, पण आऊट कोण होणार?"

मग त्याने मला समजावले. आमचा वेगवान गोलंदाज ऑफ स्टंपवर किंवा स्टंपच्या जरा बाहेर चेंडू टाकतो. तिथला चेंडू फलंदाज ऑफ साइडलाच मारणार. आणि चुकला, तर चेंडू बॅटच्या कडेला लागणार. चेंडू जोरात असला की कड लागूनही तो फार वळत नाही. थोडी दिशा बदलून तसाच मागे जातो. म्हणून झेल घ्यायला माणसे मागे, विकेटकीपरच्या शेजारी लागतात. त्यांनाच स्लिप म्हणतात.

म्हणून चित्रात ऑफ साइडला सहा जण आहेत आणि लेग साइडला तीनच. १ आणि २ या दोन स्लिप. ३ म्हणजे गली. कडेला लागून जास्त तिरका उडालेला चेंडू तिकडे जातो. ४ पॉइंट, तो फलंदाजाच्या अगदी समोर, म्हणजे त्याच्या छातीच्या दिशेला लांब. ५ कव्हर आणि ६ मिड-ऑफ हे त्याच्यापुढे, गोलंदाजाच्या बाजूला. लेगला ७ मिड-ऑन, ८ स्क्वेअर लेग, आणि ९ फाइन लेग पार मागे सीमेजवळ. आजोबांना दिसलेली मोकळी जागा म्हणजे मिड-ऑन आणि स्क्वेअर लेग यांच्या मधली. तिला मिडविकेट म्हणतात. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडू तिकडे मारायचा तर फलंदाजाला बॅट आडवी ओढावी लागते. तसे करताना तो बऱ्याचदा चुकतो. म्हणून दादा म्हणतो, "ती जागा मोकळी नाही, ते आमिष आहे." स्लिपच्या मागेही कोणी नाही. तिथून कधीकधी चार धावा जातात. तेवढे सोसावे लागते.

लेगला मागच्या बाजूला कितीही माणसे उभी करता येत नाहीत. विकेटकीपर सोडून फक्त दोघेच चालतात, नाहीतर अंपायर नो बॉल देतो. १९३२-३३ साली इंग्लंडचा संघ ऑस्ट्रेलियात गेला होता. तेव्हा कप्तान जार्डिनने लेगला पुष्कळ माणसे लावली आणि लारवूड अंगावर येणारे वेगवान चेंडू टाकत असे. त्यावरून फार भांडण झाले. लेगला मागे दोघेच हा नियम त्याच्या पुढे आला.

आता मॅचची गोष्ट.

आमच्या शाळेत रबरी बॉल आहे. मी पुस्तकातल्या चित्राप्रमाणे विकेटकीपरला खूप मागे उभे केले आणि स्लिपला त्याच्या शेजारी. पहिला चेंडू फलंदाजाला चुकवून गेला आणि दोन टप्पे पडून विकेटकीपरकडे पोचला. सीमेबाहेरून दादा हाताने सारखी खूण करत होता. मला वाटले तो शाबास म्हणतोय. दुसऱ्या चेंडूला कड लागली. चेंडू पहिल्या स्लिपकडे अगदी सरळ गेला, पण तिच्या दोन हात पुढे जमिनीवर पडला. ती रडकुंडीला आली. तिची काहीच चूक नव्हती.

मग मला खूण कळली. पुढे या, असे तो सांगत होता. मोठ्या मॅचमध्ये लेदरचा टणक चेंडू असतो आणि गोलंदाजही मोठे असतात, म्हणून विकेटकीपर १५-२० पावले मागे उभा राहिला तरी चालते. आपला चेंडू तेवढ्या लांब उडत जातच नाही. बघायचे कसे? चुकलेला चेंडू विकेटकीपरला कमरेजवळ मिळाला तर जागा बरोबर. पायाशी मिळाला किंवा टप्पे पडून आला तर पुढे सरका. डोक्यावरून गेला तर मागे जा. विकेटकीपर सरकला की स्लिपनेही सरकायचे. दोन स्लिपनी हात पसरले की बोटांना बोटे जेमतेम लागावीत. त्याहून जवळ असल्या तर दोघी एकाच झेलावर पडतात.

मी सगळ्यांना चार पावले पुढे घेतले. चौथ्या चेंडूला पुन्हा कड लागली, आणि आमच्या पहिल्या स्लिपने पोटाजवळ दोन्ही हातांत झेल घेतला! सुनील गावसकर कसोटीत स्लिपला उभे राहत. त्यांनी १२५ कसोटी सामन्यांत १०८ झेल घेतले. आमच्या स्लिपचा अजून एकच झाला आहे, पण ती रोज भिंतीवर चेंडू आपटून झेलते.

पुढचा फलंदाज डावखुरा आला. माझी फिल्डिंग तशीच राहिली. दोन चेंडू झाल्यावर अंपायर झालेले गुरुजी म्हणाले, "कप्तान, बाजू बघा." डावखुऱ्याची ऑफ साइड दुसरीकडे असते. सगळे चित्र उलटे होते. तुम्हालाही चित्र उलटे करून बघायचे असेल तर माझा दुसरा पातळ कागद खाली टाचणीने लावला आहे. तो पाठीमागून उजेडात धरा. डावखुऱ्याची फिल्डिंग आपोआप दिसेल. फक्त आकडे उलटे दिसतील.

खरी चूक मात्र पाचव्या षटकात झाली. विकेट मिळाल्यामुळे आमचा गोलंदाज खुशीत आला होता. तो जास्तच जोरात टाकायला लागला आणि त्याचा चेंडू लेग स्टंपकडे जायला लागला. लेग स्टंपवरचा चेंडू मिडविकेटला मारणे एकदम सोपे असते. फलंदाजाने दोनदा मारला, दोन्ही वेळा चार. आजोबा परत ओरडले, "बघ, सांगितलं होतं!" मी घाबरलो. दुसऱ्या स्लिपला काढले आणि मिडविकेटला पाठवले.

पुढचा चेंडू त्याने नेमका छान टाकला, ऑफ स्टंपच्या बाहेर. कड लागली. आणि चेंडू दुसरी स्लिप जिथे उभी होती त्याच जागेवरून छातीएवढ्या उंचीने निघून गेला. तो पण चार. गोलंदाज नुसता माझ्याकडे बघत राहिला. काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या फलंदाजाने पुढे अजून ११ धावा केल्या. त्यांच्या ४३ झाल्या, आमच्या ४० झाल्या. तीन धावांनी हरलो.

घरी येताना मी दादाला म्हणालो, "आजोबांचं ऐकलं म्हणून हरलो." दादा म्हणाला, "आजोबांचं सोड. तू चेंडूच्या मागं धावलास. मला सांग, चार गेले ते चेंडू चांगले होते का वाईट?" मी म्हणालो, "वाईट. लेगला होते." तो म्हणाला, "मग माणूस कशाला हलवलास? गोलंदाजाला सांगायचं होतं. वाईट चेंडूसाठी फिल्डिंग लावता येत नाही. मिडविकेट बंद केलंस तर तो फाइन लेगला मारील. चांगला चेंडू टाकूनसुद्धा तिकडं गेला, तर मग माणूस हलव."

मी विचारले, "पण त्याला सांगूनही तो तसाच टाकत राहिला तर?" दादा म्हणाला, "तर चेंडू दुसऱ्याकडं दे."

स्लिप काढायची ती कधी, हेही मी विचारून घेतले. चेंडू जुना झाला आणि हवेत वळेनासा झाला, किंवा कड लागून एकही चेंडू मागे उडून येत नाही असे दिसले, तर आधी दुसरी स्लिप काढायची आणि कव्हरच्या शेजारी न्यायची. पहिली स्लिप शेवटपर्यंत ठेवावी असे दादाचे मत आहे. गुरुजींना ते पटत नाही. आमच्यासारखी आठच षटकांची मॅच असेल तर शेवटच्या दोन षटकांत तिलाही सीमेवर पाठवावे, असे ते म्हणतात. मला अजून ठरवता आलेले नाही.

भित्तिपत्रकाखालच्या बाकावर एक पाटी ठेवली आहे. तिच्यावर खडूने मैदान काढले आहे आणि नऊ चिंचोके आहेत. गोलंदाज लेग स्टंपवरच टाकणारा आहे असे समजा आणि चिंचोके मांडून बघा. पालकांनीही मांडावेत. बघून झाल्यावर चिंचोके डबीत ठेवावेत, मागच्या वेळी दोन हरवले आणि माझी पॉइंट आणि गली गेली.